हे टक्के कोणाचे? ॲपच्या रिलीजचा निर्णय घेणाऱ्यांना खुलं पत्र

ॲप कंपन्यांतल्या प्रॉडक्ट मॅनेजरांना आणि रिलीजला अंतिम होकार देणाऱ्या सर्वांना,

मी पुण्यात अँड्रॉइड ॲप बनवणाऱ्या टीममध्ये काम करते. आदल्या दिवशीचे क्रॅश रिपोर्ट वाचण्यापासून माझी सकाळ सुरू होते. ॲप कोणाच्या फोनवर, कोणत्या पडद्यावर, कोडच्या कोणत्या ओळीला बंद पडलं, हे त्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचून आम्ही जे सांगतो ते तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत दोनच आकडे उरतात: जुन्या आवृत्तीचा क्रॅश रेट आणि नव्या आवृत्तीचा क्रॅश रेट. नवा आकडा लहान असला की रिलीज पुढे जातं. तक्रार त्या दोन आकड्यांबद्दल आहे, म्हणून हे पत्र.

एका प्रसंगापासून सुरुवात करते. कंपनीचं नाव लिहीत नाही, आणि हिशेब डोळ्यांपुढे राहावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

आमचं ॲप दूध संकलन केंद्रांवर वापरलं जायचं. केंद्रावरचा माणूस कॅनचं माप आणि फॅट भरतो, पावतीचा फोटो काढतो आणि पाठवतो. 6.3 ही आवृत्ती सगळीकडे चालू होती. 6.4 मध्ये फोटोचा पडदा नव्याने लिहिला होता. गूगल प्लेवरून आम्ही ती आधी थोड्याच लोकांना सोडली. सोमवारी 6.4 वर 10,000 माणसं होती आणि 6.3 वर 90,000. मंगळवारच्या बैठकीत स्लाइड आली: 6.3 चा क्रॅश रेट 1.25 टक्के, 6.4 चा 0.99 टक्के. त्या दिवशी ॲप उघडणाऱ्या दर शंभर माणसांपैकी किती जणांचं ॲप एकदा तरी आपोआप बंद पडलं, असा त्याचा अर्थ. गूगल प्ले 1.09 टक्क्यांच्या वरचा दर वाईट मानतं, आणि असं ॲप स्टोअरमध्ये मागे पडू शकतं. आम्ही त्या रेषेच्या वर होतो, आता खाली आलो होतो. बैठक आठ मिनिटांत संपली आणि बुधवारी 6.4 सगळ्यांना गेली.

दुसऱ्या आठवड्यात मी संगमनेर तालुक्यातल्या एका केंद्रावर गेले. तिथला मुलगा दोन जीबी रॅमचा फोन वापरत होता. माप भरलं, फोटोचं बटण दाबलं, फोनचा कॅमेरा उघडला. पावती नीट धरून त्याने फोटो काढला आणि खालची बरोबरची खूण दाबली. ॲप बंद. पुन्हा उघडलं तर माप गेलेलं, म्हणून ते पुन्हा भरलं. असं माझ्यासमोर चार वेळा झालं. मग त्याने खिशातली वही काढली आणि आकडा पेनने लिहिला. मागे दुधाची रांग थांबलेली होती.

तुमच्या स्लाइडवर हा मुलगा कुठे होता, हा माझा पहिला प्रश्न आहे.

पहिली तक्रार: दोन आवृत्त्यांखालची माणसं वेगळी असतात

थोड्या लोकांना रिलीज सोडलं की तो गट आपल्या सगळ्या वापरकर्त्यांचा नमुना आहे, असं तुम्ही धरून चालता. गूगल प्ले माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतं, हे खरं. पण निवडलेल्यांपैकी आधी अपडेट कोण होतं, हे चिठ्ठीवर ठरत नाही. आपोआप होणारं अपडेट साधारणपणे फोन वायफायवर असताना, चार्जिंगला लावलेला असताना आणि वापरात नसताना होतं. शिवाय फोनमध्ये जागा लागते. म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत नवी आवृत्ती पोहोचते ती घरी वायफाय असलेल्या, मोठ्या आणि नव्या फोनवर. भरलेल्या मेमरीचे स्वस्त फोन मागाहून येतात. ॲपलच्या टप्प्याटप्प्याच्या रिलीजमध्ये सात दिवसांत 1, 2, 5, 10, 20, 50 आणि शेवटी 100 टक्के असं वाढत जातं, पण तिथेही कोणीही स्टोअरमध्ये जाऊन स्वतः आधीच अपडेट करू शकतं. उत्साही माणूस तिथेही आधी येतो.

आता तोच सोमवार फोनच्या रॅमप्रमाणे उलगडून बघा. 6.3 वरच्या 90,000 पैकी निम्मे, म्हणजे 45,000, कमी रॅमच्या, म्हणजे लहान फोनवर होते. त्यातल्या 900 जणांचं ॲप पडलं: 2 टक्के. उरलेल्या 45,000 मोठ्या फोनवाल्यांत 225 जणांचं पडलं: 0.5 टक्के. दोन्ही मिळून 1,125, म्हणजे 1.25 टक्के. स्लाइड बरोबर होती.

6.4 वरच्या 10,000 मध्ये लहान फोनवाले फक्त 1,500 होते. त्यांतल्या 48 जणांचं ॲप पडलं: 3.2 टक्के. मोठे फोन 8,500 आणि त्यात 51: 0.6 टक्के. एकूण 99, म्हणजे 0.99 टक्के. स्लाइड इथेही बरोबर होती.

लहान फोनवर 2 चे 3.2 झाले, मोठ्या फोनवर 0.5 चे 0.6. दोन्हीकडे दर वाढला आणि एकूण दर मात्र उतरला. ॲप सुधारलं म्हणून तो उतरला नाही. नव्या आवृत्तीत लहान फोनवाले निम्म्यावरून साधारण सातात एक इतके कमी झाले होते, म्हणून उतरला. 6.4 खाली जुन्यासारखेच निम्मे लहान फोन असते तर दर 3.2 आणि 0.6 च्या मधोमध, 1.9 टक्के आला असता. एक लाख माणसांत रोज 1,250 ऐवजी 1,900 जणांचं ॲप पडणार, हे मंगळवारी सकाळीच आमच्या तक्त्यात होतं. फक्त बेरीज करून ते झाकलं गेलं.

म्हणून पहिली विनंती: एकूण दर मागूच नका. आधी फोनची रॅम, अँड्रॉइडची आवृत्ती आणि नव्याने आलेले की जुने वापरकर्ते, असे गट पाडायला सांगा. प्रत्येक गटात जुन्याची नव्याशी तुलना करा आणि मग दोन्ही बाजूंना जुन्या आवृत्तीचंच प्रमाण लावून एकच आकडा काढा. गूगल प्लेसुद्धा एकूण मर्यादेवर थांबत नाही, एकेका फोन मॉडेलसाठी 8 टक्क्यांची वेगळी मर्यादा ठेवतं. गट पाडूनही फरक पूर्ण पुसला जात नाही, कारण लहान फोनवाल्यांतही आधी अपडेट होणारा माणूस थोडा वेगळा असतो. तिथे त्याच माणसांचा मागचा आठवडा बघावा: हे 1,500 जण 6.3 वर असताना त्यांच्यातल्या कितींचं पडत होतं? सगळ्यात चांगला उपाय म्हणजे नवा पडदा सर्व्हरवरून चालू-बंद होणाऱ्या स्विचमागे ठेवणं. 6.4 घेतलेल्यांपैकी निम्म्यांना नवा पडदा आणि निम्म्यांना जुना, चिठ्ठ्या टाकून. मग दोन्ही बाजूंची माणसं एकसारखी राहतात. स्विचमागे जे नाही ते मात्र या पद्धतीने तपासलं जात नाही, हेही लक्षात असू द्या.

दुसरी तक्रार: क्रॅश मोजता, माणसं मोजत नाही

त्याच स्लाइडच्या कोपऱ्यात "एकूण क्रॅश" असाही एक आकडा असतो. तो आकडा आम्हाला फार फसवतो. लहान फोनवरच्या त्या 48 माणसांचे मिळून क्रॅश 171 होते, आणि त्यातले 31 एकाच फोनचे. संगमनेरच्या मुलासारखं कोणीतरी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होतं. असा एक चिकाटीचा माणूस आकडा फुगवतो, आणि पहिल्याच वेळी कंटाळून ॲप बाजूला ठेवणारा माणूस तो आकडा लहान ठेवतो. "क्रॅश न झालेली सत्रं" मोजली तरी हीच अडचण येते: ॲप उघडताक्षणी पडत असेल तर प्रत्येक प्रयत्न एक नवं सत्र होतो. एखाद्या आवृत्तीत ॲप मागच्या मागे जागं होऊ लागलं आणि तेही सत्र म्हणून मोजलं गेलं, तर काहीच न सुधारता दर सुंदर दिसतो. भागाकारात वरचा आकडा सगळे बघतात, खालचा कोणी बघत नाही.

माणसं मोजण्याचा आणखी एक फायदा आहे. फरक खरा की योगायोग, हे तिथे कागदावर तपासता येतं. ॲप पडलेल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा आणि तेवढं वर-खाली धरा. 48 चं वर्गमूळ साधारण 7, दुप्पट 14. म्हणजे खरा आकडा 34 ते 62 च्या दरम्यान असावा, 1,500 मध्ये 2.3 ते 4.1 टक्के. जुन्याचे 900: वर्गमूळ 30, दुप्पट 60, म्हणून 840 ते 960, सुमारे 1.9 ते 2.1 टक्के. दोन पट्टे एकमेकांना शिवत नाहीत. लहान फोनवरची वाढ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मोठ्या फोनवर 51 चा पट्टा 37 ते 65, म्हणजे 0.44 ते 0.76 टक्के, आणि जुन्या 225 चा 0.43 ते 0.57. हे पट्टे एकमेकांत शिरतात, म्हणून तिथे आकडा वाढलेला दिसला तरी दर खरोखर वाढला असं म्हणायला आधार नाही. हा ढोबळ नियम एका माणसाचा क्रॅश दुसऱ्याशी जोडलेला नाही असं धरून चालतो. एकाच फोनच्या 31 क्रॅशना तो लावला की उत्तर चुकतं. म्हणून क्रॅशवर नको, माणसांवर लावा.

दुसरी विनंती: प्रत्येक टक्क्याशेजारी किती माणसांपैकी किती हे लिहायला सांगा, आणि पट्टा मागा. "3.2 टक्के" आणि "1,500 पैकी 48, म्हणजे 2.3 ते 4.1 टक्के" या दोन वाक्यांनी बैठक वेगळी चालते. नव्या आवृत्तीत एखाद्या गटात शून्य क्रॅश दिसले तरी गट केवढा आहे ते विचारा. 300 माणसांत एकाचंही ॲप पडलं नाही, तर खरा दर 1 टक्क्यापर्यंत असू शकतो, कारण शून्य आलं की 3 भागिले माणसं ही वरची मर्यादा धरतात.

तिसरी तक्रार: भरलेल्या आठवड्याशी अर्धवट दिवस ताडून बघता

क्रॅश होतो त्या क्षणी ॲप मरत असतं. बहुतेक वेळा रिपोर्ट फोनमध्येच लिहून ठेवला जातो, आणि माणूस पुढच्या वेळी ॲप उघडेल, नेटवर्क असेल, तेव्हा तो आमच्याकडे निघतो. चिडून ॲप तीन दिवस न उघडणाऱ्याचा रिपोर्ट तीन दिवसांनी येतो. ॲप काढून टाकणाऱ्याचा कधीच येत नाही. संकलन केंद्रावर रेंज यायची ती गोठ्यापलीकडच्या चढावर. तिथल्या फोनमध्ये रिपोर्ट साठून राहत होते.

सोमवारी लहान फोनवर पडलेले 48 जण मंगळवारी सकाळी मोजले होते. तोच सोमवार मी शुक्रवारी पुन्हा मोजला तेव्हा 63 जण निघाले. सोमवारी काही नवं घडलं नव्हतं, आमच्यापर्यंत पोहोचलं उशिरा. 6.3 चा सोमवारही वाढला होता, पण थोडा. बैठकीत मात्र अनेकदा मागच्या आठवड्याचा 6.3 चा पूर्ण भरलेला आकडा कालच्या 6.4 च्या अर्धवट आकड्याशेजारी ठेवला जातो. ही शर्यत नवी आवृत्ती दरवेळी जिंकते.

यात वापराचा वेळही येतो. सोमवारी रात्री नऊला अपडेट झालेला माणूस त्या दिवशी नव्या आवृत्तीवर अर्धा तास होता, जुन्यावरचा माणूस दिवसभर. फोटो काढायची वेळच न आलेल्याचं ॲप फोटोच्या पडद्यावर कसं पडणार? मोझिला फायरफॉक्सची स्थिरता मोजताना वापराच्या दर हजार तासांमागे क्रॅश मोजत असे, ते या कारणासाठी उपयोगी आहे.

तिसरी विनंती: रिपोर्ट आला त्या तारखेने नका, क्रॅश झाला त्या तारखेने मोजा. दोन्ही आवृत्त्यांचा एकच दिवस घ्या आणि माणूस अपडेट होऊन किती दिवस झाले तेही जुळवा. तुमच्या ॲपमध्ये आकडा भरायला किती दिवस लागतात हे शोधायला आठवडा पुरतो: एकाच सोमवारचा आकडा मंगळवारपासून सोमवारपर्यंत रोज लिहून ठेवा. तो हलायचा थांबला की कळेल, किती दिवस थांबायचं. तोवर टप्पा वाढवू नका.

चौथी तक्रार: रिपोर्ट नाही म्हणजे त्रास नाही, असं धरता

आमचा दोष काय होता ते सांगते, कारण तो अजून पुष्कळ ॲप्समध्ये असेल. फोटो काढायला आमचं ॲप फोनचा कॅमेरा उघडायचं. कॅमेऱ्याला मेमरी भरपूर लागते. दोन जीबीच्या फोनवर ती मिळवण्यासाठी अँड्रॉइड मागे गेलेलं आमचं ॲप बंद करतं. फोटो झाला की ॲप नव्याने उभं राहतं. 6.3 मध्ये फोटोच्या फाइलचा पत्ता `onSaveInstanceState` मध्ये जपून ठेवला होता. 6.4 लिहिताना तो साध्या व्हेरिएबलमध्ये राहिला. नव्याने उभ्या राहिलेल्या ॲपला तो रिकामा मिळाला, आणि `NullPointerException`. आठ जीबीच्या फोनवर अँड्रॉइडला ॲप बंद करायची गरज सहसा पडत नाही, म्हणून आमच्या टेबलावरच्या एकाही फोनवर हे दिसलं नाही. तपासायला दोन मिनिटं लागतात. फोटोच्या पडद्यावरून कॅमेरा उघडा, फोन संगणकाला जोडलेला ठेवून पुढची कमांड चालवा (शेवटी आपल्या ॲपचं पॅकेज नाव लिहा), मग फोटो काढून परत या:

```
adb shell am kill com.example.app
```

यात एक बारकावा आहे. अँड्रॉइडने मेमरीसाठी ॲप बंद केलं, त्याचा क्रॅश रिपोर्ट होत नाही. आमचा दोष दिसला तो केवळ परत येताना ॲप पडलं म्हणून. कोणी घाईने ती रिकामी जागा तपासून गप्प बसवली असती, तर ॲप पडलं नसतं, फोटो मात्र गेला असता, माप पुन्हा भरावं लागलं असतं आणि क्रॅश रेट उतरला असता. मुलाची वही तशीच खिशातून निघाली असती. अँड्रॉइड 11 पासून `ApplicationExitInfo` मधून ॲप मागच्या वेळी का बंद झालं ते विचारता येतं, फोनमध्ये तशी सोय असेल तर मेमरीचं कारण त्यात वेगळं कळतं. ॲपल आपल्याकडे गोळा झालेले क्रॅश देतं तेही डेव्हलपरला माहिती द्यायला होकार दिलेल्यांचेच.

चौथी विनंती: क्रॅश रेटच्या शेजारी कामाचा एक आकडा ठेवा. आमच्यासाठी तो होता, कॅमेरा उघडणाऱ्यांपैकी किती जणांची पावती पोहोचली. क्रॅश कमी झाले आणि हा आकडाही खाली आला, तर काहीतरी लपलं आहे.

आमची दुरुस्ती तीन ओळींची होती. 6.4.1 पाठवली, लहान फोनवरचा दर दहा दिवसांत 2 टक्क्यांवर परत आला. पण मधल्या काळात हजारो मापं वह्यांत लिहिली गेली आणि रात्री पुन्हा फोनवर भरली गेली, आणि हे सगळं मंगळवारच्या तक्त्यातल्या 1,500 माणसांच्या एका ओळीत आधीच लिहिलेलं होतं.

पुढच्या बैठकीत टक्क्यांचे दोन आकडे समोर येतील तेव्हा होकार देण्याआधी एवढंच विचारा: हे टक्के कोणाचे, किती जणांचे, आणि त्यांचा दिवस भरला आहे का? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत रिलीज आहे तिथेच ठेवा.

आपली नम्र,
क्रॅश रिपोर्ट वाचणारी एक अभियंता
पुणे